पहिल्या खरेदीनंतरचा मेल: कधी पाठवायचा, किती आणि कोणाला

«ज्याने एकदा माल घेतला त्याचा ईमेल थेट यादीत टाका, विचारत बसू नका. आठवड्याला दोन मेल तरी गेलेच पाहिजेत, प्रत्येकात काहीतरी सूट द्या, म्हणजे लोक विसरणार नाहीत. ज्याला नको असेल तो अनसबस्क्राइब करेल, आपलं काय जातं? ओपन रेट चांगला आहे ना, मग सगळं बरोबर चाललंय.»

घरगुती उत्पादनं विकणाऱ्यांमध्ये हा सल्ला सध्या बराच फिरतोय. त्याला उत्तर देताना मी एकच माल डोळ्यांपुढे ठेवते: लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल, पाच लिटरचा डबा, विक्री स्वतःच्या वेबसाइटवर आणि फोनवर. तेल ठरावीक वेगाने संपतं आणि पुन्हा लागतंच. म्हणून मेलने खरंच काय साधतं, ते इथे सगळ्यात स्वच्छ दिसतं.

न विचारता यादीत टाकणं. ग्राहकाने ईमेल दिला तो ऑर्डरसाठी. पैसे मिळाले, डबा निघाला, कुरियरचा नंबर हा, एवढं कळवायला वेगळी परवानगी लागत नाही. पुढच्या खरेदीचा मेल हा वेगळा हेतू झाला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला. त्यात संमती विशिष्ट हेतूसाठी, स्वखुशीने आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी लागते. ती परत घेणंही देण्याइतकंच सोपं असावं लागतं. नोव्हेंबर २०२५मध्ये नियम निघाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. आधीच खूण केलेला चौकोन या कसोटीला उतरत नाही.

पण कायदा बाजूला ठेवला तरी विचारण्यातच फायदा आहे. ऑर्डरच्या पानावर रिकामा चौकोन ठेवा आणि त्यापुढे लिहा: «डबा संपायच्या सुमारास ईमेलवर आठवण पाठवू का? त्याशिवाय काही पाठवणार नाही.» «आमच्या ऑफर मिळवा» यापेक्षा याला होकार जास्त सहज मिळतो, कारण यात ग्राहकाची सोय दिसते. फोनवर ऑर्डर देणाऱ्यांना डबा पोचल्यावर हेच विचारायचं. अ‍ॅमेझॉनवरच्या ग्राहकांना मात्र या यादीत जागा नाही. तिथे विक्रेत्याला ग्राहकाचा खरा ईमेल मिळत नाही आणि त्यांना बाहेर ओढून विक्री करायला मनाई आहे.

एक काळजी पहिल्याच दिवशी घ्या. कॅश ऑन डिलिव्हरीवाले कित्येकदा ईमेलच्या जागी काहीतरी भरून मोकळे होतात, आणि gmail.com ऐवजी gmial.com लिहिणारेही असतात. ऑर्डरची पोच देणारा मेल परत आला, तर तो पत्ता त्याच दिवशी यादीतून काढा. परत येणाऱ्या पत्त्यांवर पुन्हापुन्हा मेल टाकणाऱ्याची पत मेल कंपन्यांकडे घसरत जाते.

आठवड्याला दोन मेल. पाच लिटर तेल आठवड्यात संपत नाही. ज्याच्या ओट्याखाली साडेतीन लिटर शिल्लक आहे, त्याला तेलाचा मेल हा निव्वळ त्रास आहे. किती मेल पाठवायचे हा प्रश्नच दुय्यम आहे. कोणत्या दिवशी पाठवायचा, हे ठरवायचं असतं आणि त्याचं उत्तर तुमच्या ऑर्डरच्या शीटमध्येच पडलेलं आहे.

पहिली आणि दुसरी ऑर्डर यांच्यात किती दिवस गेले, ते प्रत्येक ग्राहकापुढे लिहून काढा. ज्यांची पहिली ऑर्डर किमान चार महिने जुनी आहे, तेच घ्या. गेल्या महिन्यात आलेल्यांपैकी फक्त लवकर परतलेलेच अजून दिसणार, आणि त्यांच्यामुळे आकडा खोटाच लहान येईल. समजा नऊ जणांचे दिवस असे निघाले: २४, २९, ३१, ३६, ३८, ४१, ४४, ५२, ९०. सरासरी काढली तर जवळजवळ ४३ येते, कारण तो एकटा ९०वाला ती वर ओढतो. कदाचित ते कुटुंब महिनाभर गावी गेलं असेल. म्हणून सरासरी सोडा आणि चढत्या क्रमातला मधला आकडा घ्या: ३८.

आता मागे मोजत या. डबा पोचायला चार दिवस लागतात. मेल दिसल्यावर ठरवायला दोन-तीन दिवस जातात. म्हणजे मेल ३१व्या दिवशी जायला हवा. ३८व्या दिवशी गेला तर त्या घरात कोपऱ्यावरच्या दुकानातून पिशवी आलेली असते, आणि मग आणखी महिनाभर तुमची गरज उरत नाही. एक लिटरची बाटली घेणाऱ्यांचा हिशेब वेगळा मांडा. त्यातले बरेच जण चव बघायला घेतात, त्यांचा आकडा डब्याच्या हिशेबात मिसळला की दोन्हीकडे चुकतं.

३१व्या दिवसाच्या मेलने ऑर्डर आली नाही, तर दुसरा मेल साधारण ५०व्या दिवशी. त्यात आग्रह न करता एकच प्रश्न विचारा: तेल कसं वाटलं, काही अडचण होती का? उत्तरं वाचा. «वास उग्र वाटला», «डब्याचं झाकण गळत होतं», «आम्ही दोघंच आहोत, पाच लिटर फार होतं» अशी उत्तरं येतात, आणि शेवटच्याला दोन लिटरचा कॅन सुचवता येतो. त्यानंतर गप्प राहायचं. नवा हंगाम, नवी शेंग, बदललेला भाव असं खरं काही सांगण्याजोगं असेल तेव्हाच पुन्हा लिहा.

एवढी शिस्त पाळूनही एका जागी हमखास चूक होते. ग्राहकाने परवा फोनवर डबा मागवलेला असतो, पण तो वहीत राहतो, शीटमध्ये चढत नाही. मग त्याला «तेल संपत आलं असेल» असा मेल जातो. आपल्याला हे लोक ओळखतच नाहीत, असं त्याला तिथे वाटतं. म्हणून फोनवरच्या आणि व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी रोज संध्याकाळी त्याच शीटमध्ये चढवा. मेल सुटण्याआधी गेल्या ३० दिवसांत ऑर्डर दिलेल्या सगळ्यांना गाळा. हे होत नसेल, तर आपोआप जाणारे मेल सुरूच करू नका.

मेल साधा असू द्या. चित्रांची जाहिरात नको, चार ओळी पुरतात:

«नमस्कार, तुम्ही ४ तारखेला मागवलेला पाच लिटरचा डबा आता संपत आला असेल. तोच पुन्हा हवा असेल तर खालच्या दुव्यावर पत्ता आणि डबा भरलेला आहे, फक्त पैसे द्यायचे आहेत. भाव १७५० रुपये, मागच्याइतकाच. इतक्यात नको असेल तर ‘पुढच्या महिन्यात’ एवढंच उत्तर पाठवा.»

हे शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. उत्तर आलं की त्या घराचा खरा वेग कळतो, आणि त्या एका ग्राहकापुरती तारीख पुढे ढकलता येते. त्यासाठी मेल अशा पत्त्यावरून जायला हवा, जिथे आलेलं उत्तर कोणीतरी वाचतं.

प्रत्येक मेलमध्ये सूट. १७५० रुपयांच्या डब्यावर समजा ३५० रुपये सुटतात. दहा टक्के सूट म्हणजे १७५ रुपये, म्हणजे निम्मा नफा गेला. तोही बहुतेक वेळा अशा माणसाला दिला, जो पूर्ण भावाने घेणारच होता. शिवाय दोन-तीनदा सूट मिळाली की तो पुढच्या सवलतीच्या मेलची वाट बघत थांबतो. पहिल्या मेलमध्ये सूट नकोच.

अनसबस्क्राइब झाला तर काय जातं? तो दुवा दाबून गेला, तर खरंच काही जात नाही. पण कंटाळलेला माणूस खालचा बारीक दुवा शोधत बसत नाही, तो वरचं स्पॅमचं बटण दाबतो. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलने पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. स्पॅमच्या तक्रारी ०.१ टक्क्याच्या खाली ठेवाव्यात आणि ०.३ टक्क्यांपर्यंत कधीही जाऊ देऊ नयेत, असं ते सांगतात. म्हणजे जीमेलवरच्या हजार जणांमागे तीन तक्रारी. तुमची यादी ४०० जणांची असेल, तर एका मेलवर एका माणसाने बटण दाबलं तरी ०.२५ टक्के झाले. इतक्या लहान यादीसाठी तक्रारींचं प्रमाण दाखवणाऱ्या गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये आकडे बहुधा दिसतही नाहीत. नुकसान होत राहतं आणि पडदा रिकामा असतो.

आणि नुकसान फक्त जाहिरातीच्या मेलचं होत नाही. पत खालावते ती तुमच्या डोमेनची. मग त्याच डोमेनवरून जाणारी ऑर्डरची पोच आणि कुरियरचा नंबरही स्पॅममध्ये पडू लागतात. पार्सल कधी येणार हे ग्राहकाला कळत नाही, घरी कोणी नसतं आणि कॅश ऑन डिलिव्हरीचा डबा दोन्हीकडचं भाडं खाऊन परत येतो. «मेल आलाच नाही» असे फोन अचानक वाढले, तर हेच तपासा.

उपाय असा, की बाहेर पडणं स्पॅमच्या बटणापेक्षा सोपं करायचं. मेल स्वतःच्या डोमेनवरून पाठवा. @gmail.com पत्ता लावून बाहेरच्या सेवेतून पाठवलेले मेल अडतात. मेल खरंच तुमच्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या SPF आणि DKIM या दोन्ही नोंदी डोमेनला लावा. दिवसाला ५०००च्या वर मेल पाठवणाऱ्यांना DMARC, म्हणजे ही ओळख न पटलेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद, आणि एका टिचकीत बाहेर पडायची सोय बंधनकारक आहे, पण तुम्ही ४० पाठवत असलात तरी ती ठेवा. बहुतेक मेल सेवा या सोयीच्या दोन ओळी आपोआप घालतात. स्वतःला एक मेल पाठवून जीमेलमध्ये ‘मूळ दाखवा’ उघडा आणि त्या आहेत का बघा:

```
List-Unsubscribe: <https://example.com/u/abc123>
List-Unsubscribe-Post: List-Unsubscribe=One-Click
```

ओपन रेट. सप्टेंबर २०२१मध्ये ॲपलने त्यांच्या मेल ॲपमध्ये नवी सोय आणली. ती चालू असेल तर माणसाने मेल उघडला नाही तरी आतली चित्रं आधीच उतरवली जातात. ओपन रेट, म्हणजे किती टक्के लोकांनी मेल उघडला तो आकडा, मोजला जातो तो अशाच एका अदृश्य चित्रावरून. म्हणून आयफोनवाले ग्राहक जास्त असतील तर तो आकडा फुगलेला असतो, आणि त्यावरून काही ठरवण्यात अर्थ नाही.

मोजायचं ते हे: मेल गेला नसता तर ऑर्डर आली असती का? त्यासाठी दर पाचव्या ग्राहकाला आठवणीचा मेल मुद्दाम पाठवू नका आणि ६० दिवसांनी दोन्ही गट शेजारी मांडा. समजा मेल गेलेल्या १६० जणांपैकी ४८ जणांनी पुन्हा डबा घेतला, म्हणजे ३० टक्के. न गेलेल्या ४० जणांपैकी ९ जणांनी घेतला, म्हणजे साडेबावीस टक्के. मेलमुळे आलेल्या ऑर्डरी ४८ नव्हेत, १२च्या आसपास. बाकीचे ३६ येणारच होते, आणि त्यांना सूट दिली असती तर ती फुकट गेली असती. अर्थात ४० जणांच्या गटात तीन-चार माणसं इकडची तिकडे झाली तरी हा फरक पुसला जातो, म्हणून एका फेरीवरून निष्कर्ष काढू नका. हीच पद्धत चालू ठेवून दर महिन्याचे आकडे मागच्यांत मिळवत जा. दोन्ही गट मिळून हजारभर ग्राहक झाल्यावरही एवढाच फरक टिकला, तर तो मेलचा आहे असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. टिकला नाही तर आधी ३१ हा दिवस बदलून बघा.