सरकी घरातच राहते, म्हणून भाव नको?

"जिनिंग आपलं, ऑइल मिल आपली. सरकीला भाव लावून काय मिळणार, नफा घरातच राहतो. अन् ईआरपीत प्रॉफिट सेंटर उघडलं की युनिटचा नफा आपोआप दिसतो."

आधी नफ्याचं बघू. हिंगणघाटकडच्या एखाद्या जिनिंगात 1,000 क्विंटल कापूस पडला असं धरू. कापूस आणि जिनिंग खर्च मिळून ₹73,50,000. रुई निघाली 340 क्विंटल, सरकी 640, बाकी घट. रुईचे ₹52,70,000 आले. सरकी बिनभावाने मिलला दिली, तर जिनिंग ₹20,80,000 तोट्यात दिसतं. मिलला तेल आणि ढेपेचे मिळून ₹23,28,200 येतात, गाळपाचा खर्च ₹96,000, म्हणजे तिचा नफा ₹22,32,200. दोन्ही आकडे निरर्थक आहेत.

आता त्या दिवशीचा बाजारभाव लावा, दलाली-हमाली वजा जाता क्विंटलला ₹3,600. सरकीचे ₹23,04,000 होतात. जिनिंगला ₹2,24,000 नफा, मिलला ₹71,800 तोटा. एकूण दोन्ही वेळी ₹1,52,200च, हे खरं. पण सरकी बाहेर विकली असती तर ₹2,24,000 हाती आले असते. गाळपाच्या खर्चातला निम्मा मिल बंद ठेवली तरी चुकत नाही असं धरलं, तरी गाळल्यामुळे ₹23,800 गेले. घरातला नफा घरातच कमी झाला, आणि भाव लावल्याशिवाय ते कळत नाही.

आपोआप दिसण्याचं म्हणाल, तर सॅप या ईआरपीत मालाचं प्रॉफिट सेंटर प्लांटनिहाय ठरतं. जिनिंग आणि मिल एकाच प्लांटमध्ये दोन गोदामं म्हणून मांडली असतील, तर `311` या माल-हालचालीच्या कोडने सरकी हलते, पण हिशेबाची नोंदच पडत नाही. दोन प्लांट करून `301` वापरलं तर नोंद पडते, पण देणाऱ्या प्लांटच्या किमतीने, बाजारभावाने नाही. बाजारभाव हवा असेल तर प्रॉफिट सेंटर मूल्यांकन सुरू करून `TP01` कंडिशनमध्ये तो ठेवावा लागतो. दर तिथे हाताने भरलेला असेल तर तो सरकीच्या हालत्या भावाप्रमाणे बदलत राहायला हवा. हंगामाच्या सुरुवातीचा दर मार्चपर्यंत तसाच राहिला तर मिलचा नफा पुन्हा खोटा.

एक चूक मात्र भाव लावल्यामुळेच होते. 31 मार्चला मिलकडे अशा भावाने घेतलेली 100 क्विंटल सरकी न गाळता शिल्लक आहे असं धरू. कापूस आणि जिनिंगचा जोडखर्च रुई-सरकीच्या विक्रीमूल्याप्रमाणे वाटला, तर सरकीची किंमत क्विंटलला सुमारे ₹3,493.50 येते. म्हणजे ₹3,600 मध्ये ₹106.50 जिनिंगचा न कमावलेला नफा आहे. ताळेबंदात शिल्लक मालातून ₹10,650 काढावे लागतात, आणि आतली विक्री-खरेदी एकमेकांसमोर रद्द करावी लागते. ही नोंद राहिली तर कंपनीचा नफा तेवढा फुगतो. आतल्या विक्रीचं खातं बाहेरच्या विक्रीपासून वेगळं ठेवलं असेल, तर ही चूक लगेच सापडते.