नाव कळलं, काम काय?

"नमस्कार सर, माझं नाव अमुक, वय ३४, गाव तमुक, एका कंपनीत अकाउंट्सला आहे." सल्ला विचारायला येणाऱ्यांचा असा मेसेज येतो आणि मग शांतता. अहो, पुढे? मी काय स्थळं बघतोय का?

"बोला" म्हणावं तर उत्तर येतं, "सर, थोडं बोलायचं होतं." "काय काम आहे?" विचारलं की माणूस दुखावतो, "काही नाही, सहज" म्हणून गायब होतो. गप्प राहावं तर थोड्या वेळाने तोच परिचय पुन्हा, या खेपेला शिक्षणासकट! थेट मागणं उद्धटपणाचं वाटतं बिचाऱ्यांना, मान्य. पण मनकवडा मीच का व्हायचं?

अंदाजाने सल्ला तर अजिबात सुरू करू नये. ते "हो सर, हो सर" करत सगळं ऐकून घेतात आणि मूळ प्रश्न पोटातच राहतो. त्यापेक्षा मी परिचयातलाच धागा उचलतो: "नमस्कार. अकाउंट्सला आहात म्हणालात. नोकरीचं विचारायचंय की घरचं काही? एका ओळीत लिहा." चुकीचा पर्याय खोडायला तरी माणूस तोंड उघडतो.

"नाही नाही सर, धाकट्या भावाच्या कॉलेज प्रवेशाचं होतं."

म्हणजे वय, नोकरी यातलं काहीच लागणार नव्हतं! लागणार होते भावाचे मार्क आणि त्याला कुठली शाखा हवी ते. मार्क विचारले, तर म्हणे, "त्यालाच विचारून सांगतो."