बस लेन खुली करा म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

"तीन लेनचा रस्ता, त्यातली एक बससाठी अडवलेली आणि ती कायम रिकामी! बाकीच्या दोन लेनमध्ये आपण तासभर सडतोय. ती लेन सगळ्यांना खुली करा, एक तृतीयांश ट्रॅफिक तिथल्या तिथे कमी होईल. बस पण रिकाम्याच धावतात. आणि मिनिटभर तिथे गाडी थांबवली तर असं काय आभाळ कोसळतं? वर वन-वेमध्ये बसला उलटं जायला परवानगी, हा कुठला न्याय? सहमत असाल तर पुढे पाठवा."

रिकाम्या लेनचं आधी घेऊ, कारण फोटोत तेच दिसतं. समजा मिनिटाला एक बस येतेय, म्हणजे तासाला 60, आणि हे खूप आहे हां, एवढ्या बस फार कमी रस्त्यांवर असतात. बस 12 मीटर लांब, वेग ताशी 20 किलोमीटर, तर तुमच्या समोरून ती जायला दोन सेकंद आणि वर थोडंसं लागतं. साठ बसचे मिळून झाले सव्वादोन मिनिटं. उरलेली जवळपास 58 मिनिटं त्या जागी डांबरच दिसणार, तुम्ही कधीही फोटो काढा. आणि तरी त्या लेनमधून बसमागे 40 माणसं धरली तर 2400 माणसं गेलेली असतात. शेजारची लेन भरलेली दिसते ती गाड्या उभ्या आहेत म्हणून. मी एकदा पादचारी पुलावर उभा राहून मोबाईलवर मोजत बसलो होतो, पहिली दहा मिनिटं मलाही वाटलं की हे चुकतंय कुठेतरी, पण आकडे लिहिले तेव्हा पटलं.

आता एक तृतीयांशवाला हिशोब. इथे घोळ असा की रस्त्यावरून किती गाड्या जाणार हे मधल्या रस्त्यावर ठरत नाही, ते सिग्नलच्या स्टॉप लाईनवर ठरतं. सिग्नल 120 सेकंदांचा आहे आणि तुमच्या बाजूला 44 सेकंद हिरवा मिळतो असं धरा. हिरव्यात एका लेनमधून साधारण दोन सेकंदाला एक गाडी सुटते, म्हणजे 22 गाड्या, तासाला 30 वेळा हिरवा, झाल्या 660. गाडीत सरासरी दीड माणूस धरलं तर हजाराच्या आत. पण नीट आखलेली बस लेन स्टॉप लाईनपर्यंत येतच नाही, ती शंभर-सव्वाशे मीटर आधी संपते, सलग पट्टा तुटक होतो आणि तिथून पुढे कोणीही त्या लेनमध्ये येऊ शकतो. कारण एका हिरव्यात सुटणाऱ्या 22 गाड्या उभ्या राहायला तेवढीच जागा लागते. म्हणजे सिग्नलवर तिन्ही लेन वापरल्या जातातच, बस लेनने खाल्ली ती मागची रांगेत उभं राहायची जागा. ती खुली केली तर रांग लांबीला कमी आणि रुंदीला जास्त होईल, पण सिग्नलमधून जाणार तेवढ्याच गाड्या.

काही ठिकाणी लेन थेट स्टॉप लाईनपर्यंत रंगवलेली असते, तिथे तक्रार खरी आहे. पण त्यावर उपाय पट्टा मागे घ्यायचा, लेन काढायची नाही. आणि हेही मान्य की दहा मिनिटाला एक बस येत असेल तर वरच्या हिशोबाने तासाला 240 माणसं होतात, मग तिथे पूर्ण वेळ लेन ठेवायची का हा प्रश्न विचारायलाच हवा. निदान फक्त गर्दीच्या वेळेपुरती ठेवा आणि तशा वेळा बोर्डावर लिहा.

बस मात्र त्या रांगेत अडकली की खेळ बदलतो, आणि फॉरवर्डमध्ये नेमकं हेच नाहीये. समजा फेरी पूर्ण व्हायला 60 मिनिटं लागतात आणि मार्गावर 60 बस आहेत, म्हणून मिनिटाला एक मिळते. जाता-येता दहा सिग्नल, प्रत्येक ठिकाणी रांगेत दोन-दोन मिनिटं जास्त गेली की फेरी 80 मिनिटांची. बस तेवढ्याच, ड्रायव्हर तेवढेच, पण तासाला मिळणार 45. पंधरा बस कुठेच गेल्या नाहीत, फक्त रांगेत उभ्या आहेत, आणि 600 माणसांची जागा गेली. त्यातले निम्मे जरी गाडी काढून निघाले तरी 200 गाड्या वाढल्या, आणि त्या कुठे येणार? तुमच्याच पुढे. पहिले काही दिवस रस्ता मोकळा वाटतो हे खरं, तोवर लोकांनी सवय बदललेली नसते.

रिकामी बस आणि मिनिटभर पार्किंग हे दोन मुद्दे वेगळे नाहीतच मुळी. लेनमध्ये एक गाडी उभी राहिली की बसला शेजारच्या भरलेल्या लेनमध्ये घुसावं लागतं, कोणी जागा देत नाही, इंडिकेटर लावून अर्धा मिनिट ताटकळायचं, मग पुन्हा आत. ती बस उशिरा स्टॉपवर पोहोचते, तोवर तिथे जास्त माणसं जमलेली, चढायला वेळ जास्त, म्हणून पुढच्या स्टॉपला अजून उशीर. मागच्या बसला मात्र माणसंच उरत नाहीत म्हणून ती पटापट येऊन हिला गाठते. मग दोन बस पाठोपाठ, पहिलीत लोंबकळणारी माणसं आणि दुसरी रिकामी. फोटो दुसरीचा निघतो. म्हणजे मिनिटभर थांबणाऱ्यानेच ती बस रिकामी केलेली असते (आणि बहुतेक फॉरवर्डही त्यानेच केलेला असतो, असो).

दुचाकींचं विचाराल तर ते ठिकाणावर अवलंबून आहे, लंडनमध्ये मुख्य रस्त्यांवरच्या बहुतेक बस लेनमध्ये 2012 पासून मोटरसायकलींना कायमची परवानगी आहे. पण जिथे दुचाकींचीच संख्या प्रचंड आहे तिथे ती दिली की लेन तासाभरात भरते आणि बसमधून उतरणाऱ्याच्या पायापुढून गाड्या जातात.

वन-वेमध्ये उलटी येणारी बस नियम मोडत नसते, तिथे नो-एंट्रीच्या बोर्डाखाली 'बस सोडून' अशी छोटी पाटी असते आणि तिच्यासाठी वेगळी लेन आखलेली असते. नाहीतर जाताना एका रस्त्याने आणि येताना दोन गल्ल्या सोडून, मग परतीचा स्टॉप शोधत माणूस फिरत राहतो. शिवाय समोरून बस येतेय म्हटल्यावर त्या लेनमध्ये गाडी लावायची हिंमत कोणी करत नाही, पोलीस लागत नाही. यातला धोका पायी चालणाऱ्याला आहे, कारण वन-वे म्हणून तो एकाच बाजूला बघून पाय टाकतो. म्हणून क्रॉसिंगच्या जागी रस्त्यावरच 'दोन्हीकडे बघा' लिहिलेलं पाहिजे, ते नसेल तर त्यासाठी भांडा की!

एक गोष्ट फॉरवर्डवाल्याने लिहिली असती तर मीच पुढे पाठवली असती. शेजारच्या लेनमध्ये खोदकाम निघालं की सगळ्यांना बस लेनमध्ये वळवतात, ते बरोबरच आहे, पण त्यासाठी बॅरिकेडच्या आधी 'बस लेन तात्पुरती बंद' आणि काम संपतं तिथे 'बस लेन सुरू' असे दोन्ही बोर्ड लागतात. पहिला लावतात, दुसरा विसरतात. मग चालकाला कळतच नाही की आपण परत कधी बाहेर यायचं, तो तसाच पुढे जातो आणि पुढच्या चौकातल्या कॅमेऱ्यात दंड बसतो. असा दंड आला तर दोन्ही बाजूंच्या बोर्डांचे, म्हणजे नसलेल्या बोर्डाच्या जागेचेही, तारखेसह फोटो काढून हरकत घ्या.