मायनसचा मायनस

शेजारचा ओंकार इंजिनीअरिंगला गेला आणि मी एके काळी गणितात एम.एस्सी. केलंय, हे त्याच्या आईला नेमकं तेव्हाच आठवलं. तेव्हापासून माझे दादरमधले रविवार इंटिग्रलला वाहिलेले आहेत.

परवाचं गणित असं होतं, F′(x) काढा:

```
F(x) = ∫ e^(-t²) dt,   t = -x पासून t = x² पर्यंत
```

"काकू, आधी इंटिग्रेट करतो, मग डिफरन्शिएट." म्हटलं, कर बाबा. मी चहा टाकला, गाळला, प्यायलेसुद्धा. हा इंटिग्रल नेहमीच्या फंक्शन्समध्ये लिहिताच येत नाही, हे त्याला चौथ्या सबस्टिट्यूशनला कळलं.

त्याची गरजही नसते. वरची लिमिट फंक्शनमध्ये घालायची, तिच्या डेरिव्हेटिव्हने गुणायचं. खालच्या लिमिटचंही तसंच करायचं आणि ते वजा करायचं. वरचं झालं 2x·e^(-x⁴). खालच्या −x चा डेरिव्हेटिव्ह −1, म्हणून −(−1)·e^(-x²), म्हणजे अधिक e^(-x²). ओंकारने अर्थातच वजा लिहिलं. "खालची लिमिट मायनस असते ना?" हे त्याने अशा खात्रीने विचारलं, जणू मीच क्लासला दांडी मारली होती.

मग त्याला खिडकीपाशी नेलं. खाली फेरीवाला ताडपत्री पसरत होता. उजवी कड उजवीकडे सरकली की माल वाढतो. डावी कड उजवीकडे सरकली की कमी होतो, तो वजा इथून येतो. पण डावी कड डावीकडे ओढली तर? माल वाढणारच! आपली −x नेमकी तशीच पळतेय. आणि किती वाढेल, हे कडेला ढीग केवढा उंच आहे त्यावर ठरतं. मधल्या मालाला कोणी हात लावत नाही.

तरी त्याला पटेना. इंजिनीअरिंगवाल्यांना आकडे लागतात. x एकवरून १.०१ केला, तर उजवी कड ०.०२०१ ने सरकते, डावी ०.०१ ने. दोन्हीकडे उंची १/e, साधारण ०.३७. मिळून भर ०.०११, भागिले ०.०१ म्हणजे सुमारे १.१. सूत्राचं उत्तर ३/e, तेही १.१. ओंकारच्या चिन्हाने १/e येतं, जेमतेम ०.३७. दोन्ही कडा बाहेर पळतायत आणि यातल्या एकीने माल घटतोय म्हणे! तो फेरीवाला एका दिवसात गावी गेला असता.

e^(-t²) नेहमी धन आहे म्हणून हा अंदाज इतका सरळ चालतो. फंक्शन कडेला ऋण असेल तर चिन्ह पुन्हा उलटतं, हे मी मुद्दाम त्या दिवशी सांगितलं नाही. माझाही रविवार असतो.

पण पोरगं हुशार. दारात चप्पल घालताना विचारतो, "काकू, आत e^(-xt) असलं तर? मधला मालच बदलेल ना?"

बदलेल. मग तिसरी टर्म येते: आतल्या फंक्शनचा x च्या संदर्भातला पार्शल डेरिव्हेटिव्ह, त्याच दोन लिमिट्समध्ये इंटिग्रेट केलेला. मी फक्त म्हटलं, "आईला सांग, पुढच्या रविवारी मी बदलापूरला चाललेय."