पीआरव्ही उघडा म्हणणाऱ्यांसाठी

«टॉवरमधल्या रहिवाशांनो, जागे व्हा! बिल्डरने डक्टमध्ये बसवलेले प्रेशर व्हॉल्व्ह तुमचं पाणी अडवतात. 1) बायपास उघडा, पाणी धो धो येईल. 2) पंप मोठ्या हॉर्सपॉवरचा घ्या, प्रेशर वाढेल. 3) गच्चीवर दोन दिवसांची टाकी बांधा. सगळ्या ग्रुपवर पाठवा!»

हा मेसेज लालबागला माझ्या आत्याच्या सोसायटीत पोहोचला आणि दुसऱ्याच दिवशी प्लंबरने बायपासचा, म्हणजे व्हॉल्व्हला वळसा घालून जाणाऱ्या नळीचा, कॉक फिरवला. संध्याकाळी पाणी खरंच धो धो आलं. पहाटे आत्याच्या गिझरची जोडनळी फुटली आणि बेडरूमपर्यंत पाणी शिरलं. पाण्याच्या लाइनींचं डिझाइन हे माझं रोजचं काम आहे, म्हणून हे लिहितोय.

इमारत 32 मजली, मजल्याची उंची 3 मीटर. गच्चीवरच्या टाकीचा तळ जमिनीपासून 101 मीटरवर. आत्या चौथ्या मजल्यावर राहते. तिचा नळ टाकीच्या तळापासून 88 मीटर खाली येतो. दर 10 मीटर उंचीला जवळपास 1 बार दाब, म्हणजे तिच्या नळाशी साडेआठ बारच्या वर. घरातल्या नळांना एक ते साडेतीन बार पुरतो. उंच इमारतींसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गिझरवरही बहुधा 8 बारचीच मर्यादा छापलेली असते.

पीआरव्ही, म्हणजे मेसेजमधला तो दाब कमी करणारा प्रेशर व्हॉल्व्ह, हे ओझं अडवतो. त्यातली स्प्रिंग पुढचा दाब ठरावीक आकड्यावर धरून ठेवते आणि सगळे नळ बंद झाले की व्हॉल्व्हही मिटतो. बायपास उघडला की हे मिटणंच संपतं. दिवसा कुठेतरी नळ चालू असतो, पाणी वाहताना थोडा दाब पाइपातच खर्च होतो. पहाटे तीनला सगळं थांबतं आणि पूर्ण 88 मीटरचा दाब जोडनळीवर येतो. म्हणून नळी पहाटे फुटली.

म्हणूनच अशी इमारत झोनमध्ये वाटतात. नॅशनल बिल्डिंग कोड 2016 चा नववा भाग याच कामाचा आहे, कमिटीने तो एकदा उघडावा. या इमारतीत 30 ते 32 मजल्यांना गच्चीवरचा छोटा बूस्टर पंप, कारण तिथे टाकी नळापासून जेमतेम 4 ते 10 मीटर वर आहे. 22 ते 29 थेट टाकीवर; 29 व्या मजल्याला 13 मीटरचा दाब, 22 व्याला 34. त्याखाली 14 ते 21, 6 ते 13 आणि 1 ते 5 असे तीन झोन, प्रत्येकाच्या माथ्यावर पीआरव्ही, 13 मीटरवर, म्हणजे सुमारे 1.3 बारवर लावलेला. त्यामुळे कुठल्याच झोनच्या तळाला साडेतीन बारच्या वर जात नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. आत्याकडे पाणी बारीक येत होतं हे खरं, आणि दोष पीआरव्हीच्या जागीच होता. त्याच्या आधीचा स्ट्रेनर, म्हणजे पाइपातली जाळीची गाळणी, गाळाने भरला होता. व्हॉल्व्हच्या पुढच्या गेजवर तो कळतो: सकाळी आठला, सगळे आंघोळीला असताना, काटा 1.3 वरून अर्ध्या बारवर उतरला तर स्ट्रेनर साफ करा. उलट रात्री नळ बंद असताना काटा हळूहळू चढत राहिला, तर व्हॉल्व्हच्या सीटमध्ये कचरा अडकलाय आणि तो पूर्ण मिटत नाहीये. हा दुसरा दोष जास्त धोक्याचा, कारण दिवसा त्याचा पत्ता लागत नाही.

पंपाबद्दल फार बोलायची गरज नाही. खालचा पंप फक्त गच्चीवरची टाकी भरतो. तुमच्या नळाचा दाब टाकीच्या उंचीने ठरतो. 15 ऐवजी 30 हॉर्सपॉवर लावलात तर टाकी लवकर भरेल, बिल वाढेल, शॉवर तसाच राहील.

आता टाकी. 128 फ्लॅट, घरटी 5 माणसं, माणशी 135 लिटर: दिवसाला 86,400 लिटर. दोन दिवसांचं पाणी म्हणजे सुमारे 173 टन. ज्या गच्चीच्या कॉलमचा हिशोब अर्ध्या दिवसाच्या, म्हणजे 43 टन पाण्यावर केलाय, तिच्यावर हे कोण चढवणार? मुंबईत महापालिकेचं पाणी बहुतेक ठिकाणी ठरावीक तासच येतं, तेव्हा साठा हवाच. पण तो जमिनीखालच्या टाकीत. तिथे एक दिवसाचा, वर अर्ध्या दिवसाचा, आणि आगीसाठीचं पाणी वेगळं.

आत्याच्या सेक्रेटरींना मी तीनच कामं सांगितली: बायपास बंद करून कॉकला कुलूप, तिन्ही झोनचे स्ट्रेनर साफ, आणि प्रत्येक पीआरव्हीच्या दोन्ही बाजूंना चालू गेज. खालच्या झोनला दुसरा पीआरव्ही समांतर बसवायचा खर्च पुढच्या सभेत येईल. तोवर वॉचमन रात्री तीनला काटा वहीत लिहून ठेवतोय.