लाल गोलातला अंगठा

परवा एका टी-शर्टची कड दुमडून शिलाई मशीनवर टीप मारली. वरून बरी दिसत होती, फक्त मधेमधे टाका सुटलेला. उलटवून पाहिलं तर खाली दोऱ्याचे फासेच फासे, जणू टॉवेल विणायला घेतला होता. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, हे माझं चुकलंच.

पाच मिनिटांत दाजींनी त्यावर लाल गोल काढून परत पाठवला. "हा बघ दोष."

"दाजी, तो माझा अंगठा आहे."

"मग अंगठ्याखाली बघ. गोंधळ खाली आहे ना? म्हणजे खालच्या दोऱ्याची बॉबिनच. ती बसते त्या केसचा स्क्रू आवळ."

दाजींनी आयुष्यात साधं बटण लावलेलं नाही, पण आवाज असा की मी मुकाट्याने पाव फेरा आवळला. फासे तसेच. "अजून पाव." असं करत सव्वा फेरा झाला आणि फासे वाढले.

"वाढले? म्हणजे उपाय लागू पडतोय!"

यावर काय बोलणार? फोन उपडा ठेवला. स्क्रू अंदाजाने मागे फिरवला. मूळ जागेची खूण करून ठेवायला हवी होती, पण हे शहाणपण नेहमी मागाहूनच येतं. ताण तपासायला केस तिच्यातल्याच दोऱ्याने लटकवली. हलका झटका दिल्यावर ती जराशी घसरून थांबायला हवी. चौथ्या प्रयत्नात थांबली.

मग सुचलं, की वरचा दोरा पांढरा, खालचाही पांढरा. फोटोत फासा कुणाचा हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. वर लाल दोरा ओवून चिंधीवर टीप मारली. खालचे सगळे फासे लाल! दोष वरच्याचा, बोल मात्र खालच्याला. वरच्या दोऱ्याला ताणच नव्हता, म्हणून तो सैल पडून खाली ओढला जात होता. कारण लाजिरवाणं होतं: मी दोरा ओवायचो तो कापड दाबणारा फूट खाली ठेवून. तेव्हा ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या मधे शिरतच नाही. फूट उचलून पुन्हा ओवला, मग खाली करून सुईपाशी ओढून पाहिला. चांगला अडला. फासे गायब.

सुटलेले टाके मात्र तसेच, कारण ते दुखणं वेगळं. सुई वर येऊ लागली की तिच्यामागे दोऱ्याचा छोटा फुगा तयार होतो आणि हुक तो पकडतो. टी-शर्टचं ताणणारं कापड साध्या सुईला चिकटून तिच्याबरोबर वर येतं. मग फुगा नीट होत नाही, हुक रिकामा फिरतो. गोल टोकाची ७५ नंबरची बॉलपॉइंट सुई लावली आणि टाके सलग पडले.

नवा फोटो टाकला. दाजींचं उत्तर तयारच होतं: "सांगितलं होतं ना, स्क्रू आवळ म्हणून!" त्यावर अकरा जणांचे अंगठे. आत्येबहिणीने तर तिच्या मशीनचा फोटोही त्यांना पाठवलाय.