गुरुजी, मना कान कोठे ग्या?

शाळेच्या ग्रुपवर पोरांचे फोटो टाकायचे नाहीत, त्याऐवजी फोटोवरून कार्टून काढून टाकायचं, असं ठरलं आणि ते शिकवायचं काम माझ्यावर आलं, कारण स्टाफमधे जिम्प हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करता येणारा मी एकटाच. "सर, त्या वेबसाइटवर फोटो टाका ना, दोन सेकंदात कार्टून येतं" असं सगळेच सांगत होते. पण बाबा, त्या दोन सेकंदात पोराचा फोटो कुणाच्या तरी सर्व्हरवर जातो आणि पुढे त्याचं काय होतं ते आपल्याला कळत नाही. जिम्प फुकट आहे, नेट बंद असलं तरी चालतं आणि फोटो शाळेच्या लॅपटॉपच्या बाहेर जात नाही. चौथीचा वर्ग, जळगावकडचा मार्च, पंखा फिरतोय की नुसता डुलतोय ते कळत नाही, अशात सुरुवात केली.

रीत सोपी आहे हो. जिम्पमधे फोटो उघडायचा, त्याची ओपॅसिटी निम्मी करायची म्हणजे तो फिकट दिसतो, वर एक पारदर्शक लेयर घ्यायचा आणि त्याच्यावर काळ्या ब्रशने चेहरा गिरवायचा. पोरं मात्र हमखास खालच्या फोटोवरच गिरवतात. मग फोटो लपवला की वरच्या लेयरवर काहीच नसतं आणि वर्गात रडारड. म्हणून आधी फोटोच्या लेयरला लॉक, मग पोराच्या हातात माउस, हा नियमच केला.

खरी गंमत रंगाच्या बादलीची. ती बंद आकारात रंग भरते. पण कानापाशी रेघ एवढीशी तुटली असली तरी शेतात पाटाचं पाणी फुटावं तसा रंग बाहेर फुटतो आणि अख्खा स्क्रीन चेहऱ्याच्या रंगाचा होतो. एक पोरगा उठून ओरडला, "गुरुजी, मना कान कोठे ग्या?" कान तिथेच होता, त्याच्याभोवतीचं जग तेवढं त्याच्या रंगाचं झालं होतं. अशा वेळी आधी कंट्रोल झेड, मग ४०० टक्के झूम करून रेघेवरून सावकाश फिरायचं, फट सापडली की ब्रशने बुजवायची आणि पुन्हा बादली. पोरांना नंतर फटी शोधायचंच वेड लागलं, चित्र राहिलं बाजूला.

रंगावरूनही भांडण झालं. एकीने स्वतःला पार दुधासारखं गोरं केलं. मी म्हटलं, अगं फोटोतल्या गालावरून रंग उचल ना, पिपेटचं टूल आहे त्यासाठी, तर म्हणे, "त्या दिवशी ऊन होतं सर." यावर काय बोलणार?

ओळख पटते ती रंगाने नाही, भांगाने, पडलेल्या दाताने आणि भुवयांनी, एवढं गिरवलं तरी पुरतं. पण ओळखणाऱ्याला ओळखू यावं आणि अनोळखी माणसाला पत्ता लागू नये, ही तारेवरची कसरत. म्हणून शर्टावरचा शाळेचा बिल्ला गिरवायचा नाही, मागच्या भिंतीवरचं शाळेचं नावही नाही. एका हुशाराने शर्टावर छान अक्षरात नाव, गाव आणि पप्पांचा मोबाइल नंबर लिहिला. का रे? "हरवलो तर सापडीन ना सर." तर्क बिनतोड, पण नंबर पुसला.

आता सगळ्यात किचकट. लेयरच्या नावाशेजारचं डोळ्याचं चिन्ह बंद केलं म्हणजे फोटो गेला असं पोरांना वाटतं, मोठ्यांनाही वाटतं. तो जात नाही, लपतो. `.xcf` फाइल जशीच्या तशी पाठवली की समोरचा जिम्पमधे उघडून डोळा चालू करतो आणि खराखुरा पोरगा समोर. म्हणून आधी फोटोचा लेयर डिलीट, मग `File > Export As` करून PNG. एक्स्पोर्टच्या खिडकीत Exif ची टिक काढायची, कारण मोबाइलचं लोकेशन चालू असेल तर फोटो कुठे काढला ते त्यात लिहिलेलं असू शकतं. फाइलला पोराचं नाव द्यायचं नाही, भाजीचं द्यायचं. `vange.png` साठी मारामारी झाली, `gilke.png` कुणी घेईना, शेवटी ती मी माझ्या कार्टूनला दिली.

पालकांची लेखी परवानगी घेऊन सगळी भाजी ग्रुपवर टाकली. दहाच मिनिटांत एका पप्पांनी कार्टूनच्या शेजारी खरा फोटो जोडून टाकला आणि खाली लिहिलं, माझा मुलगा, संपूर्ण नाव, इयत्ता चौथी, गाव. फोन केला, "भाऊ, सगळ्यांसाठी डिलीट करा." म्हणाले, "करतो ना सर, पण त्याच्या मामांनी फॉरवर्ड करेल आहे, आता मामांचाच नंबर देऊ का?"